सोळा आण्यांचं नाव

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या स्मरणिकेचं नाव काय ठेवायचं यावरून आपल्या ग्रुपवर तीन आठवडे जे झालं, ते सगळ्यांनी वाचलं आहे. एकाला संस्कृत नाव हवं होतं, एकीला इंग्रजी आद्याक्षरांची जोडाजोड हवी होती, आणि एकाने तर नावाआधी बोधचिन्हच करून पाठवलं. त्या गोंधळात कुणाला तरी आठवलं की मी इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या टेक्निकल फेस्टिव्हलच्या नावाचं काम केलं होतं. म्हणून समितीने मला हा विषय दिला. आधीच सांगते, त्या कामात मी पहिल्यांदा सपशेल आपटले होते. जे शिकले ते आपटल्यावरच, आणि शिकवणारा आपल्याच वर्गातला होता. तो आत्ता मागच्या रांगेत बसला आहे. त्याने नाव घ्यायचं नाही असं बजावलंय, म्हणून घेत नाही.

बाहेरच्यांना वाटतं फेस्टिव्हलला एकच नाव असतं. खरं तर दोन असतात. काळाचौकीच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही, कारण आपण गणपती मंडळांच्या गावात वाढलो. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ पासूनचं. त्याचं नाव, त्याची जागा, त्याचा ‘मुंबईचा राजा’ ठरलेला. पण दरवर्षी देखावा वेगळा. यंदा कुठलं मंदिर केलंय, एवढंच आपण विचारतो. फेस्टिव्हलचंही तसंच असतं. एक कायमचं नाव, आणि त्या त्या वर्षाची एक थीम. थीम म्हणजे देखावा. तिच्यावरून पोस्टर, टी-शर्ट, स्पर्धांची नावं, स्टेजची सजावट ठरते, आणि पुढच्या वर्षी ती उतरवली जाते.

कायमच्या नावांत मुंबईत तऱ्हेतऱ्हेचे नमुने आहेत. आयआयटी पवईचा ‘टेकफेस्ट’ १९९८ चा, म्हणजे आपण बारावी झालो त्या वर्षीचा. नावात गंमत शून्य, स्पष्टपणा शंभर टक्के. हे नाव फक्त पहिल्याला परवडतं, दुसऱ्याने घेतलं की कुणाचा टेकफेस्ट हे विचारावं लागतं. त्याच आयआयटीचा सांस्कृतिक महोत्सव ‘मूड इंडिगो’. ड्यूक एलिंग्टनच्या १९३० सालच्या जॅझ रचनेचं हे नाव. त्यातून महोत्सव कसला आहे ते कळत नाही, पण कानाला गोड, आणि पोरांनी त्याचं ‘मूड आय’ करून टाकलं. झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून चालू आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्यांत सरस. पावसाचा राग, आणि महोत्सव ऐन ऑगस्टात. तीन अक्षरं, कुणालाही उच्चारता येतात, आणि बाहेर पाऊस पडत असतो.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा ‘टेक्नोव्हान्झा’ म्हणजे ‘टेक्नो’ आणि ‘एक्स्ट्राव्हॅगान्झा’ यांचा सांधा. त्या संस्थेबद्दल इथे थोडं थांबते, कारण ती मुळात आपल्या शेजारची. १८८७ साली ती भायखळ्याला सुरू झाली, गिरण्यांना लागणारी तांत्रिक माणसं तयार करायला. माटुंग्याला गेली ती १९२३ मध्ये. तेव्हा नाव व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. १९९७ मध्ये ते वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. आद्याक्षरं बघा, चारही जशीच्या तशी. व्हिक्टोरियाची जिजाबाई झाली आणि पोरं ‘व्हीजेटीआय’ म्हणत राहिली. उलट भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनलाही जिजामातेचंच नाव दिलं, आणि आपण आजही मुलांना घेऊन राणीच्या बागेतच जातो. तोंडात बसलेलं नाव बदलायचं तर तोंडाला बदल जाणवू द्यायचा नाही, ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

आमच्या कॉलेजच्या फेस्टिव्हलचं कायमचं नाव आधीच्या मुलांनी ठरवलेलं होतं. त्याला हात लावायची सोय नव्हती. देणगीदार त्याच नावाने ओळखत, मागच्या वर्षीचे चेक त्याच नावाने आलेले. आमच्या वाट्याला आली थीम. मी तिसऱ्या वर्षाला होते, फेस्टिव्हल फेब्रुवारी २००१ मध्ये होता, आणि ऑगस्टमध्ये एका वर्गात आम्ही अकरा जण बसलो.

२००१ म्हटल्यावर पहिली सूचना अर्थातच त्या अंतराळातल्या जुन्या इंग्रजी सिनेमावरून आली. ती बाद झाली, कारण त्या वर्षी निम्मी कॉलेजं तेच करणार हे उघड होतं. मग आद्याक्षरांचा खेळ झाला. हा खेळ फार मोहात पाडतो. राजस्थानात बिट्स पिलानीच्या फेस्टिव्हलचं नाव ‘अ‍ॅपोजी’. अ प्रोफेशन्स ओरिएंटेड गॅदरिंग ओव्हर एज्युकेशनल एक्स्पीरियन्सेस, असा त्याचा विस्तार आहे. तो ऐकताना दमायला होतं, पण तरी नाव चालतं, कारण कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू हा ‘अ‍ॅपोजी’चा अर्थ विस्ताराशिवायही उभा राहतो. आमच्या आद्याक्षरांतून जे शब्द निघत होते ते कुठल्याच भाषेत नव्हते. तास गेला. मग मी फळ्यावर लिहिलं:

```
0x7D1
```

आणि वर्गात टाळ्या पडल्या.

आता हे काय, ते सांगायला हवं. तेव्हाही सांगावं लागत होतं, आणि तिथेच सगळी मेख होती. आपण दहाच्या पटीत मोजतो. संगणकाच्या लोकांना सोळाच्या पटीत मोजणं सोयीचं पडतं. शून्य ते नऊ हे दहा अंक संपले की दहासाठी A, अकरासाठी B, असं पंधरासाठी F पर्यंत जातात. सी भाषेत असा आकडा लिहिताना आधी 0x लावतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा सोळाचा हिशेब आहे. 7D1 म्हणजे सात वेळा २५६, अधिक तेरा वेळा सोळा, अधिक एक. १७९२ अधिक २०८ अधिक १. बेरीज २००१. आमचं साल! आम्ही अकरा जण कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे. आम्हाला ते इतकं चतुर वाटलं की मतदान नऊ विरुद्ध दोन झालं. ते दोघे का विरोधात आहेत हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पहिली शंका यायला हवी होती ती फोनवर. मी देणगीसाठी फोन करायचे. पलीकडून विचारत, “थीम काय आहे यंदा?” मी म्हणायचे, “झिरो एक्स सेव्हन डी वन.” थोडा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग, “जरा फॅक्स करा ना.” एका गृहस्थांनी फॅक्स बघून फोन केला आणि विचारलं, सात दिवसांचा कार्यक्रम आहे, मग हा पहिला दिवस कुठला? आमच्या एका सरांनी शून्याचा ओ वाचून, “यात बैल कुठून आला?” असं विचारलं. आम्ही हसलो. हे लोक आपल्या विषयातले नाहीत, म्हणून त्यांना कळत नाही, असा आमचा ठाम समज होता.

पण खरं नुकसान झालं ते निबंधवाचनाच्या स्पर्धेत. तिचे सारांश नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ई-मेलने मागवले होते. उत्साहाच्या भरात आम्ही फेस्टिव्हलचा जुना ई-मेल पत्ता बाजूला ठेवून थीमच्या नावाने फुकटचा नवा पत्ता काढला होता, `0x7d1` ने सुरू होणारा. पोस्टरवर तो बारीक अक्षरात छापला. त्या टायपात शून्य आणि ओ दिसायला जवळजवळ सारखे. मुदत संपून चार दिवस झाल्यावर कोकणातल्या एका पॉलिटेक्निकमधून फोन आला. चार मुलांचा गट होता. त्यांचा सारांश निवडला गेला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी यादी पाहिली. नाव नव्हतं. “तुमचा सारांश आलेलाच नाही, आणि मुदत संपली,” असं मी सांगितलं. बऱ्यापैकी कोरडेपणाने सांगितलं, कारण त्या दिवशी असे बरेच फोन आले होते. तो मुलगा म्हणाला, आम्ही पाठवलाय, मेल परतही आलेली नाही. मी म्हटलं, मग मी काय करू.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “मॅडम, ते सुरुवातीला शून्य आहे की ओ?”

`ox7d1` या पत्त्याचं खातं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. म्हणून मेल परत येत नव्हती, निमूटपणे भलतीकडे जमा होत होती. किती जणांची गेली ते आम्हाला कधीच कळलं नाही. ज्यांनी फोन केला तेवढेच कळले. आम्ही सात-आठ दिवस वाद घालून, सरांची परवानगी घेऊन त्या चौघांना या म्हणून कळवलं, तोवर त्यांनी गाडीचं रिझर्वेशन रद्द केलं होतं आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागले होते. ते आले नाहीत. आज माझ्या कामात कुणी वापरणाऱ्याची चूक आहे असं म्हणालं की मला तो प्रश्न ऐकू येतो. शून्य की ओ, हा प्रश्न त्याला पडला ही त्याची चूक नव्हती. तो पडेल असं नाव मी ठेवलं होतं.

तरीही थीम बदलायचं आमच्या मनात नव्हतं. पत्ता बदलू, पोस्टरवर ठळक खुलासा टाकू, असं चाललं होतं. त्याच आठवड्यात मी बोधचिन्ह घेऊन लालबागला गेले. आपल्या वर्गातला हा मित्र दहावीनंतर चिवडा गल्लीच्या मागे त्याच्या मामाच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या खोलीत काम करत होता. चारशे टी-शर्ट छापायचे होते आणि ओळखीत स्वस्त पडेल, एवढाच माझा हेतू.

बोधचिन्ह मीच संगणकावर केलं होतं. निळ्यातून जांभळ्यात विरघळत जाणारे आकडे, त्यांना चंदेरी कडा, खाली सावली, आणि भोवती सर्किट बोर्डावरच्या असतात तशा केसासारख्या बारीक रेषा. पडद्यावर ते झगमगत होतं. त्याने कागद हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “किती रंग आहेत हे?” मी म्हटलं, मोजलेले नाहीत. तो म्हणाला, “मला मोजावे लागतात.”

मग त्याने मला स्क्रीन दाखवली. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली जाळी. तिच्यावर अंधारात एक लेप चढवतात. चित्राची काळी फिल्म त्यावर ठेवून उजेड दाखवतात. उजेड लागला तिथे लेप घट्ट होतो, काळ्याखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने धुतला जातो. त्या मोकळ्या जागेतून रबरी पट्टीने रंग खाली दाबायचा. एका रंगाला एक स्क्रीन. चार रंग म्हणजे चार स्क्रीन, आणि चारशे शर्टांवर सोळाशे वेळा हात फिरवायचा. शिवाय दर वेळी शर्ट अचूक त्याच जागी बसला पाहिजे. मिलिमीटरभर सरकला की चंदेरी कड आकड्यापासून सुटून बाजूला उभी राहते. विरघळणारा रंग तर सरळ छापताच येत नाही. तो ठिपक्यांत फोडावा लागतो, आणि सुती कापडावर रंग पसरतो, त्यामुळे बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. केसासारख्या रेषांचं तर विचारूच नका. जाळीचा धागा मध्ये आला की रेष तुटते, नाही आला तर ती फुगते. “हे शून्याच्या पोटात तिरकी रेघ दिलीयस ना, दोन धुण्यांत ते शून्य बुजणार,” तो म्हणाला. ती रेघ मी नुकतीच घातली होती, शून्य आणि ओ वेगळे दिसावेत म्हणून.

मी म्हटलं, कागदावर तरी चालेल. त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून एक प्रत काढून आणली, आणि त्या प्रतीची आणखी एक. दुसऱ्या प्रतीत निळा-जांभळा काळा झाला होता आणि सावली आकड्यांना चिकटली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की देणगीदारांना मी तीन महिने हेच फॅक्स करत होते. फॅक्सला करडा रंग माहीतच नाही. प्रत्येक ठिपका काळा नाही तर पांढरा, मिलिमीटरला आडवे आठेक आणि साध्या प्रतीत उभ्या जेमतेम चार ओळी. त्या गृहस्थांना सात दिवसांचा कार्यक्रम दिसला यात नवल नव्हतं. त्यांना काहीतरी दिसलं हेच पुष्कळ.

मग त्याने तो प्रश्न विचारला, जो त्या अकरापैकी कुणीही विचारला नव्हता. “पण हे आहे काय?” मी समजावलं. दहाऐवजी सोळाने मोजायचं, सोळा झाले की एक पूर्ण, मग पुढचा. तो ऐकत ऐकत रंगाच्या डब्यावर झाकण बसवत होता. म्हणाला, “म्हणजे सोळा आणे. माझी आजी अजून तसंच मोजते.”

बस्स. रुपयाचे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि शंभर नये पैसे झाले, तोवर आख्खा देश सोळाच्या पटीत हिशेब करत होता. ज्याला आम्ही संगणकवाल्यांचं गुपित समजत होतो ते लालबागच्या प्रत्येक आजीला तोंडपाठ होतं. आणि ‘सोळा आणे खरं’ म्हणजे पूर्ण खरं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी दुसऱ्या दिवशी समितीपुढे ‘सोळा आणे’ ठेवलं. टाळ्या अजिबात पडल्या नाहीत. टेक्निकल फेस्टिव्हलला बाद झालेलं नाणं? एकाने विचारलं, अमराठी मुलांचं काय? आमच्यातला एक तामीळ मुलगा होता, आधी विरोधात मत दिलेल्या दोघांपैकी. तो म्हणाला, आमच्या घरीही आणे होते, आणि हिंदीत ‘सोलह आने सच’ म्हणतातच. मग त्याने एक गोष्ट केली जी मी आजपर्यंत वापरते. वर्गाबाहेरून जाणाऱ्या मेकॅनिकलच्या एका मुलाला बोलावलं, दोन्ही नावं एकदाच म्हणून दाखवली आणि फळ्यावर लिहायला सांगितली. ‘सोळा आणे’ त्याने सरळ लिहिलं. दुसरं लिहिताना तो सुरुवातीलाच अडखळला, आणि मागे वळून म्हणाला, “शून्य का?”

नाव चाललं का, याची माझ्या मते खरी परीक्षा मात्र पुढे असते. त्यातून बाकीची नावं फुटतात का? 0x7D1 मधून काही फुटत नव्हतं, तो एकच विनोद होता आणि एकदा सांगितला की संपला. ‘सोळा आणे’ मिळाल्यावर अर्ध्या तासात सगळं जमलं. प्राथमिक फेरी चार आणे, उपांत्य फेरी आठ आणे, अंतिम फेरी सोळा आणे. प्रश्नमंजूषेत एक चूक झाली की एक आणा वजा. सर्वांत छोट्या स्पर्धेला ‘चवली’. कुणालाही नियम समजावून सांगावे लागले नाहीत.

एक अडचण उरली, आणि ती खरी होती. रोमन लिपीत हे नाव कसं लिहायचं? ‘सोळा’तला ळ तिथे नाही. एच लावायचा की नाही, ए एक की दोन, यावर चौघांनी चार तऱ्हा लिहिल्या. म्हणजे शून्य आणि ओची भानगड वेगळ्या दाराने पुन्हा आत आली असती. उपाय असा केला की नाव फक्त देवनागरीत आणि सोबत १६ हा आकडा. पत्ता, वेबसाइट, चेक, पावत्या, हे सगळं फेस्टिव्हलच्या जुन्या कायमच्या नावाने. ज्यावर काही टाइप करायचं आहे ते थीमच्या भरवशावर सोडायचं नाही. मंडळाचा देखावा बदलतो म्हणून पावतीपुस्तकावरचं नाव आपण बदलत नाही ना, तसंच.

आता बोधचिन्ह. नाणं आणि दात्यांचं चाक, यांच्यात एक सोयीचं साम्य आहे. जुन्या एक आण्याच्या नाण्याची कड कंगोरेदार होती. तेच कंगोरे सोळा केले की नाण्याचं गिअर होतं. आत ठळक १६. एकच रंग, सावली नाही, कड नाही. चाक हे चिन्ह इंजिनिअरिंगमध्ये इतकं वापरून झालंय की नुसत्या चाकाने कुणाचीच ओळख पटत नाही. रोटरीच्या चाकालाही चोवीस दाते आहेत. आमच्या चाकाची ओळख होती ती आतल्या आकड्याने आणि दात्यांच्या संख्येने, म्हणून ती संख्या अचूक असणं भाग होतं.

ती चुकली. मी संगणकावर एक दाता काढला आणि तो २४ अंशांनी फिरवत फिरवत गोल भरला. फिल्म काढून लालबागला नेली. त्याने ती दिव्यासमोर धरली, बोट फिरवत गेला, आणि म्हणाला, “पंधरा.” मी हसले. त्याने पुन्हा मोजले. पंधराच. मी शेवटचा अंक F, म्हणजे पंधरा, असं डोक्यात धरून ३६० ला पंधराने भागलं होतं. अंक शून्यापासून सुरू होतात, म्हणून शेवटचा पंधरा असला तरी एकूण सोळा असतात. ही चूक प्रोग्रामरची जुनी सोबतीण आहे, आयुष्यभर सुटत नाही. साडेबावीस अंशांनी फिरवून नवी फिल्म काढली.

मग त्याच्याच पद्धतीने तपासलं. झेरॉक्सची झेरॉक्स. काळ्यावर पांढरं. रस्त्याच्या पलीकडून. एक सेंटिमीटर रुंदीत फॅक्स: घेर साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे एका कंगोऱ्याला जवळपास दोन मिलिमीटर, आडवे सोळा ठिपके आणि उभ्या सात-आठ ओळी. पुरतं. फक्त वेबसाइटच्या पत्त्याशेजारी जे इवलंसं चिन्ह दिसायचं, तिथे जमलं नाही. ते सोळा बाय सोळा ठिपक्यांचं. घेर पन्नासेक ठिपके, एका कंगोऱ्याला तीन. कड दाताने कुरतडल्यासारखी दिसायची. तिथे आठच दाते ठेवले आणि आतला आकडा काढून टाकला. त्या आकारात कुणी मोजायला बसत नाही, पण चाक असल्याचं कळतं.

0x7D1 टाकून दिलं नाही. कॉम्प्युटरची पोरं रुसली होती, आणि खरं सांगायचं तर मीही. तो आकडा शर्टाच्या पाठीवर, मानेखाली लहान अक्षरात छापला, चिन्हाच्याच रंगात. पुढून ‘सोळा आणे’ सगळ्यांना वाचता येत होतं, आणि ज्याला मागचं कळायचं तो रांगेत पुढच्याच्या मानेकडे बघून स्वतःशीच हसायचा. माझ्या मते चतुर गोष्टीची जागा तिथे असते. ज्याला ती कळली नाही त्याचं काही अडता कामा नये.

आपल्या स्मरणिकेच्या नावाबद्दल समितीला मी एवढंच सुचवलंय की उद्या सकाळी आपल्या निवृत्त बाईंपैकी कुणाला तरी फोन करा, नाव एकदाच सांगा, आणि त्यांनी काय लिहून घेतलं ते विचारा. मुखपृष्ठ एकाच रंगात आहे, कारण छापणारा तोच आहे आणि त्याने पुन्हा रंग मोजले.

पंधरा दात्यांची ती फुकट गेलेली फिल्म त्याने अजून जपून ठेवली आहे. आज घेऊन आलाय. दाराशी जेवणाच्या कुपनांचं टेबल आहे, तिथे ती लावली आहे. जाता जाता मोजून बघा.